गौरी यंदा कितव्या दिवशी? नक्षत्रांनी आखलेले तीन दिवसांचे माहेर

चतुर्थी जवळ आली की वृत्तपत्राच्या कचेरीत एक प्रश्न हमखास येतो. गणपती अमुक तारखेला म्हणजे गौरी तिसऱ्या दिवशी की चौथ्या? गेल्या वर्षीचा हिशेब यंदा का जुळत नाही? कामानिमित्त मुंबई-पुण्यास असलेल्यांना गावी परतण्याची तिकिटे काढायची असतात, सासरी असलेल्या मुलींना रजा मागायची असते. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो. गणपतीचे आगमन तिथीने ठरते, भाद्रपद शुद्ध चतुर्थीने. गौरीचे येणे, जेवणे आणि जाणे मात्र तिथीने ठरत नाही, ते चंद्राच्या नक्षत्राने ठरते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन असा शास्त्रसंकेत आहे. एकाच मखरात शेजारी बसणाऱ्या या दोन देवतांची घड्याळे निराळी आहेत, हे ध्यानात घेतले की पुष्कळसा गोंधळ आपोआप निवळतो.

प्रथम एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्याकडे गोव्यात चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तयेला, गौरी-महादेवाची पूजा होते आणि हरितालिकेचा उपवास धरला जातो. ती गौर तृतीया या तिथीला बांधलेली आहे. येथे जिचा विचार करावयाचा आहे ती ज्येष्ठा गौर. चतुर्थीनंतर काही दिवसांनी येणारी, तीन दिवस राहणारी, घाटावर व मराठवाडा-विदर्भात ‘महालक्ष्मी’ या नावाने ओळखली जाणारी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा येथील जुन्या मराठी घरांतही तिचा कुळाचार आजवर चालू आहे. ‘ज्येष्ठा’ हे नाव ऐकून काही जणांना ज्येष्ठ महिना आठवतो, तर पुराणांची ओळख असलेल्यांना लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी आठवते, कारण पुराणांत तिलाही ज्येष्ठाच म्हटले आहे. या सणातील ज्येष्ठेचा त्या दोहोंशी संबंध जोडण्याचे कारण नाही. जिचे पूजन ज्येष्ठा नक्षत्रावर होते ती ज्येष्ठा गौर, इतका तो सरळ अर्थ आहे. तिची धाकटी सोबतीण ती कनिष्ठा.

आता हिशेब. चंद्र आकाशात ज्या मार्गाने फिरतो त्याचे सत्तावीस समान भाग म्हणजे सत्तावीस नक्षत्रे. चंद्र साधारण एका दिवसात एक नक्षत्र ओलांडतो. तिथी ही निराळी मोजणी. चंद्र सूर्यापासून किती पुढे गेला हे ती सांगते. बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. म्हणजे तिथी मोजताना सूर्य आणि चंद्र दोन्ही लागतात, नक्षत्र पाहताना एकटा चंद्र पुरतो. आणि भाद्रपदातील चतुर्थीला सूर्य दरवर्षी आकाशात एकाच ठिकाणी नसतो. सगळा फरक येथून उद्भवतो.

मागील तीन वर्षे उदाहरणादाखल घेऊ. 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे भाद्रपद लांबला आणि गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला आली. सूर्य तेव्हा कन्या राशीत नुकताच शिरला होता. चतुर्थीचा चंद्र त्याच्यापासून सुमारे चाळीस-पंचेचाळीस अंश पुढे, म्हणजे स्वाती नक्षत्रात होता. स्वातीनंतर विशाखा आणि विशाखेनंतर अनुराधा. त्यामुळे 21 सप्टेंबरला, चतुर्थीनंतर अवघ्या दोन दिवसांनी, गौरी आल्या. 2024 साली चतुर्थी 7 सप्टेंबरला होती. चंद्र त्या दिवशी सकाळी चित्रा नक्षत्रात होता आणि दुपारी स्वातीत गेला. 8 तारखेच्या सूर्योदयाला स्वाती, 9 तारखेला विशाखा आणि 10 तारखेला अनुराधा. गौरी तीन दिवसांनी आल्या. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टलाच आली. सूर्य अजून सिंह राशीच्या पूर्वार्धात होता, म्हणून चतुर्थीचा चंद्रही मागे, हस्त संपून चित्रा सुरू होत होते तेथे होता. त्याला चित्रा, स्वाती आणि विशाखा ही तीनही नक्षत्रे ओलांडावयाची होती. आवाहन 31 ऑगस्टला झाले, चतुर्थीनंतर चार दिवसांनी.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. चतुर्थी ऑगस्टच्या अखेरीस आली तर गौरी उशिरा येतात, सप्टेंबरच्या मध्याकडे सरकली तर लवकर येतात. चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचे असल्याने चतुर्थी दरवर्षी अकरा-बारा दिवस मागे सरकते आणि मध्ये अधिक मास आला की एकदम पुढे ढकलली जाते. 2023 आणि 2025 या दोन चतुर्थींत तारखांचे तेवीस दिवसांचे अंतर होते. तेवढ्या अवधीत सूर्य जवळजवळ दोन तिथींइतका सरकतो, आणि गौरींच्या आगमनात नेमका दोन दिवसांचा फरक पडला. हा ठोकताळा तिकिटे काढण्यापूर्वीच्या अंदाजापुरता उपयोगी आहे. प्रत्यक्ष दिवस पंचांगात पाहूनच ठरवावा.

पंचांगात पाहताना आणखी एक घोटाळा होतो. 2024 साली अनुराधा नक्षत्र 9 सप्टेंबरला सायंकाळी सहाच्या सुमारास लागले होते. मग गौरी त्याच सायंकाळी का आणू नयेत, असे अनेकांनी विचारले. सूर्योदयाला जे नक्षत्र असते ते त्या दिवसाचे मानण्याचा प्रघात आहे. 9 तारखेच्या सूर्योदयाला विशाखा होते, 10 तारखेच्या सूर्योदयाला अनुराधा होते आणि ते रात्री 8 वाजून 4 मिनिटांपर्यंत राहिले. म्हणून आवाहन 10 तारखेला, रात्रीच्या त्या वेळेपूर्वी केव्हाही. दिनदर्शिकेत ‘आवाहन अमुक वाजेपर्यंत’ असे छापलेले असते ते नक्षत्र संपण्याची वेळ दाखवते; त्याला स्वतंत्र मुहूर्त समजून अगदी त्याच मिनिटाला गौर उंबऱ्यात उभी करण्याची धडपड करू नये. 2025 साली ही मर्यादा सायंकाळी साडेपाचच्या सुमारास आली, तेव्हा दिवेलागणीला गौरी आणण्याची रीत असलेल्या घरांना त्या वर्षी लवकर निघावे लागले. परदेशी असलेल्या लेकी-सुनांनीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. नक्षत्र संपण्याचा क्षण साऱ्या जगात एकच असतो, घड्याळे तेवढी निराळी. भारतातील रात्रीचे 8 वाजून 4 मिनिटे म्हणजे लंडनमध्ये त्या दिवसांत दुपारचे 3 वाजून 34 मिनिटे.

पाऊस उघडला असेल तर हे सारे डोळ्यांनीही पाहता येते. पूजनाच्या सायंकाळी दिवे लागल्यावर नैर्ऋत्येकडे पाहावे. तेथे वृश्चिकाच्या पोटाशी एक तांबूस तेजस्वी तारा दिसतो, तीच ज्येष्ठा; आणि पूजनाच्या सुमारास अर्धा चंद्र तिच्या आसपास असतो. पंचांग हाती नसलेल्या पिढ्यांनी गौरीचे दिवस ओळखले ते बहुधा असेच.

गौर उशिरा आली की तिचा परिणाम गणपतीवरही होतो, आणि गोव्यातील वाचकांना हे विशेष जाणवते. आपल्याकडे दीड, पाच, सात असा दिवसांचा नेम असतो. ज्या घरी ‘गौरीसोबत गणपती’ असा कुळाचार आहे तेथे दिवस मोजायचे नसतात; गौर जाईल त्या दिवशी गणपतीही जातो. 2023 साली गौरी विसर्जन 23 सप्टेंबरला, गणपतीच्या पाचव्या दिवशी आले. 2024 साली ते सहाव्या दिवशी आले आणि 2025 साली 2 सप्टेंबरला, सातव्या दिवशी. 2023 साली पाच दिवसांचा गणपती आणि गौरीसोबतचा गणपती यांत फरकच दिसला नाही. 2025 साली मात्र पाचवा दिवस हाच आवाहनाचा दिवस होता. पाच दिवसांचा नेम असलेल्या घरांतून गणपती निघाला आणि त्याच दिवशी शेजारच्या घरी गौर आली. आपल्या घरचा मूळ नेम दिवसांचा की गौरीचा, हे थोरल्यांना एकदा नीट विचारून लिहून ठेवलेले बरे. अनुकूल वर्षी दोन्ही जुळतात, त्यामुळे मूळ नेम विसरला जातो आणि प्रतिकूल वर्षी घरात वाद होतो.

गौरीला लेक म्हणून का आणतात याचे उत्तर या तीन दिवसांच्या क्रमातच आहे. ज्येष्ठा गौरीच्या कहाणीत दारिद्र्याने गांजलेला ब्राह्मण जीव द्यायला तळ्याकाठी जातो. तेथे त्याला एक वृद्धा भेटते. तो तिला घरी आणतो आणि तिच्या पाठोपाठ घरात धान्य येते, गोठ्यात गुरे येतात. काही दिवसांनी ती जायला निघते. समृद्धीही तिच्यासोबत जाईल या भीतीने तो कासावीस होतो, तेव्हा ती त्याला परत येण्याचा उपाय सांगते: तळ्याकाठचे दोन खडे घरी आणून ज्येष्ठा आणि कनिष्ठा म्हणून त्यांची भाद्रपदात पूजा कर, आणि तेथली वाळू घरभर टाक. कहाणीतील ही बाई राहायला आलेली नाही. ती येते, भरवते आणि जाते. मागे राहते ती तिच्या परतण्याची खूण. सासरी दिलेल्या मुलीचे माहेरपणही असेच असते. म्हणून देवीला आग्रहाने थांबवून घेण्याचा विधी या सणात कोठेच नाही. तिसऱ्या दिवशी तिला जायचेच असते.

कोकणस्थांच्या घरी खड्याच्या गौरी बसतात, त्या या कहाणीला अगदी धरून आहेत. नदी, तळे किंवा विहिरीकाठचे पाच वा सात गुळगुळीत खडे वेचून घरातील कुमारिका किंवा सवाष्ण ते ताम्हणात घेऊन येते. वाटेत ती बोलत नाही आणि मागे वळून पाहत नाही. कोकणात पुष्कळ घरी तेरड्याची गौर असते. भाद्रपदात माळरानावर फुललेला तेरडा मुळांसकट उपटून त्याची जुडी बांधतात, तिला लुगडे नेसवतात, वर मुखवटा लावतात. मुळे का तोडत नाहीत, तर ती गौरीची पावले. तेरडा पावसाच्या उत्तरार्धात थोडेच दिवस जोमात असतो आणि उपटल्यावर दोन-तीन दिवसांत मान टाकतो. तीन दिवसांच्या पाहुणीला याहून समर्पक रूप शोधून सापडले नसते. घाटावर पितळेचे किंवा शाडूचे मुखवटे असतात. खाली उतरंड किंवा लोखंडी तिवई, तिच्यावर साडी, पोटात गहू-तांदूळ, आणि कित्येक घरी दोघींच्या पुढ्यात त्यांची लेकरेही उभी असतात. हे सारे भेद कुळाचाराचे आहेत. यांतील एक अस्सल आणि बाकीचे नंतरचे, असा निवाडा करण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी उंबऱ्यात गौरीचे पाय दूध-पाण्याने धुतात, कुंकू लावतात. दारापासून मखरापर्यंत रांगोळीची किंवा कुंकवाची पावले काढलेली असतात. घरातील एक बाई पुढून विचारते की गौर कशाच्या पावलांनी आली, आणि गौर आणणारी धनधान्याची, सोन्यारुप्याची, गुराढोरांची नावे घेत एकेक पाऊल पुढे टाकते. मग तिला बसवण्याआधी सारे घर दाखवतात. स्वयंपाकघर, कोठार, तिजोरी, गोठा असेल तर गोठा. बऱ्याच दिवसांनी आलेली मुलगी घरात शिरताच प्रथम हेच करते. त्या दिवशीचा नैवेद्य साधा असतो, बहुतेक ठिकाणी भाजी-भाकरीचा आणि पुष्कळदा शेपूच्या भाजीचा. प्रवासाने दमून आलेल्या मुलीपुढे कोणी पक्वान्ने मांडत नाही. तिला घरचे खायचे असते.

थाट दुसऱ्या दिवशीचा. घाटावर पुरणपोळी, आंबील, कटाची आमटी आणि सोळा भाज्या. सोळा वेगळाल्या जमल्या नाहीत तर एकत्र करून एकच भाजी करतात. खड्याच्या गौरीला कहाणीतल्याप्रमाणे घावन-घाटले लागते. कोकणातील अनेक समाजांत मात्र या दिवशी गौरीला तिखटाचा, म्हणजे मांसाहाराचा नैवेद्य असतो. शेजारी गणपती शाकाहारी, तेव्हा दोघांच्या मध्ये पडदा धरून तो दाखवतात. बाहेरून पाहणाऱ्याला यात विसंगती वाटेल. परंतु माहेरी आलेल्या लेकीला तिच्या आवडीचे वाढायचे, एवढाच त्यामागचा विचार आहे, आणि तो या सणाच्या गाभ्याशी सुसंगत आहे.

याच दिवशी कोकणात नवविवाहितेचा ववसा असतो आणि येथे पुन्हा नक्षत्र आडवे येते, पण यावेळी सूर्याचे. नव्या सुनेने सुपांत फळे, पाने, सुपारी, हळकुंड असे जिन्नस भरून ती सुपे गौरीपुढे ओवाळायची आणि मग घरातील थोरामोठ्यांना वाण म्हणून द्यायची. मात्र पहिला ववसा गौरी ‘पूर्वा’ नक्षत्रात आल्या तरच भरायचा, असा अनेक गावांचा नियम आहे. शेतकऱ्याला मघा, पूर्वा, उत्तरा ही पावसाची नक्षत्रे ठाऊक असतात, तेच हे पूर्वा. सूर्य त्यात साधारण 30 ऑगस्टपासून 13 सप्टेंबरपर्यंत असतो. 2024 चे पूजन 11 सप्टेंबरला आणि 2025 चे 1 सप्टेंबरला होते. दोन्ही पूर्वात आली आणि गावोगावी सुपांची मागणी वाढली. 2023 चे पूजन 22 सप्टेंबरला, म्हणजे उत्तरात. त्या वर्षी लग्न झालेल्या मुलींचा पहिला ववसा पुढल्या वर्षावर गेला. सासरच्या गौरीपुढे मुलीची पहिली ओळख होते ती या ववशाने, त्यामुळे वर्षभराची ही वाट लहान नसते. मुलगी दूरच्या गावी नोकरी करणारी असेल तर पूर्वा आहे की नाही, हे दिनदर्शिका हाती येताच पाहून ठेवणे सोयीचे.

तिसऱ्या दिवशी सुताचे दोरे घेऊन त्यांना हळद-कुंकू, फुले, पत्री लावून गाठी पाडतात. गाठींची संख्या बहुधा सोळा. ते दोरे घरातील बायका गळ्यात किंवा हातात बांधतात. मग निरोपाचा, खिरीचा नैवेद्य. खड्याच्या आणि तेरड्याच्या गौरी पाण्यात सोडतात. मुखवट्यांवर अक्षता टाकून ते जागेवरून किंचित हलवतात, आणि तेवढ्याने विसर्जन पुरे होते. नंतर मुखवटे पुसून पुढल्या वर्षासाठी पेटीत जातात. मूळ नक्षत्र असेतोवर हे उरकायचे असते. एकदा गौर हलवली की ती पुन्हा पूजेला ठेवायची नाही, म्हणून घरची सारी माणसे नमस्कार करून गेली आहेत ना, याची खात्री करूनच थोरली बाई हात लावते.

पाण्यावरून परतताना तेथील मूठभर वाळू किंवा माती आणतात आणि घराच्या कोपऱ्यांत, धान्याच्या डब्यांत, पूर्वी गोठ्यातही, थोडी थोडी टाकतात. कहाणीतील वृद्धेने सांगितलेली खूण ती हीच. हल्ली विसर्जन अंगणातल्या पिंपात किंवा बालदीत होते, तेथे वाळू मिळत नाही. अशा वेळी काही घरांत तुळशीवृंदावनातली चिमूटभर माती घेतात.